गव्हात सोंडे, पिठात भुंगे, रव्यात जाळी: फोटो बघून काय ठेवायचं आणि काय टाकायचं

पावसाळा सुरू झाला की मला फोटो यायला लागतात. तुर्भ्याच्या गोदामांमध्ये धान्याचे नमुने तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं, हे आमच्या सोसायटीत आणि आता सोसायटीबाहेरही माहीत झालंय. फोटोखाली प्रश्न बहुतेक एकच असतो: "हा कुठला किडा आहे?" खरं तर किड्याचं नाव कळून फारसं काही साधत नाही. विचारायचं ते हे, की याची अळी कुठे राहते? दाण्याच्या पोटात, पिठाच्या भुकटीत, की स्वतः विणलेल्या जाळ्यात? धान्य वाचवता येईल की नाही, हे त्यावरच ठरतं, आणि नीट काढलेला फोटो त्याचं उत्तर बऱ्याचदा देतो.

नवी मुंबई आणि ठाण्यात हा त्रास जास्त का, तर दोन्हीकडे खाडी. मे महिन्यात वर्षाचा गहू भरताना तो खडखडीत वाळलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, आणि कोठीचं झाकण रोज उघडलं की वरचा गहू ती ओल शोषून घेतो. धान्य मऊ पडतं, हवा उबदार असतेच. अशा हवेत सोंड्याची एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते. मे महिन्यात चार-दोन किडे आत गेले असतील, तर ते गणपतीच्या सुमारास दिसतात.

आधी फोटो नीट काढा

रात्री ट्यूबलाइटखाली, डब्यात वरून मोबाइल धरून काढलेला फोटो जवळजवळ निरुपयोगी असतो. त्यात तपकिरी ठिपके दिसतात. ते किडे आहेत, कोंडा आहे, ओव्याचे दाणे आहेत की झुरळाची विष्ठा, हे मला तरी सांगता येत नाही.

वाटीभर धान्य पांढऱ्या ताटलीत किंवा कागदावर एका थरात पसरा. बाजूला कंपासपेटीतली पट्टी ठेवा, मिलिमीटरच्या खुणा फोटोत आल्या पाहिजेत. आकार कळला की अर्धं काम होतं, कारण साठवणीतले बहुतेक भुंगे 2 ते 4 मिलिमीटरचे असतात आणि झुरळाचं पिल्लू त्याहून सहज मोठं असू शकतं. ताटली खिडकीपाशी ठेवा म्हणजे उजेड बाजूने येईल. फ्लॅश बंद ठेवा, कारण फ्लॅशमध्ये जाळीचे धागे दिसेनासे होतात. मोबाइल अगदी किड्याला टेकवू नका. वीतभर अंतरावरून दुप्पट झूम करून काढलेला फोटो जास्त स्पष्ट येतो. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ॲप तो दाबून बारीक करतं आणि सोंड आहे की नाही हेच दिसत नाही.

जाळी किंवा अगदी बारीक पांढुरके जीव बघायचे असतील तर मात्र काळा कागद घ्या. आणि फोटोसोबत दहा सेकंदांचा व्हिडिओ जरूर काढा. सोंड्याला धक्का लागला की तो पाय आखडून मेल्यासारखा पडून राहतो, अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू लागतो. फोटोतले "मेलेले" सोंडे खूपदा जिवंत असतात.

नमुना कुठून घेतला, हेही तितकंच महत्त्वाचं. लोक वरचीच मूठ दाखवतात. गोदामात पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, घालून नमुना काढतात. घरी लांब दांड्याचा डाव पुरतो. तीन ठिकाणचे तीन नमुने, तीन ताटल्या, तीन फोटो.

एक प्रत्यक्ष उदाहरण

गेल्या पावसाळ्यात कोपरखैरण्याहून एका ओळखीच्या मुलीचे फोटो आले. घरात चार माणसं. पत्र्याच्या कोठीत साधारण पंधरा किलो गहू उरलेला, स्टीलच्या डब्यात तीन किलो पीठ, क्लिप लावून ठेवलेलं किलोचं रव्याचं पाकीट आणि बरणीत अर्धा किलो मूग. "काका, सगळीकडेच किडे झालेत. सगळं टाकून देऊ का?" तिला वाटत होतं की एकच कीड सगळीकडे पसरलीय. फोटोत चार वेगळ्या किडी होत्या आणि चारही निर्णय वेगळे निघाले.

गहू: भोक बघा आणि दाणे मोजा

गव्हाच्या फोटोत तीनेक मिलिमीटरचे काळपट तपकिरी किडे होते. फोटो मोठा केल्यावर डोक्यापुढे बारीक सोंड दिसली आणि पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके. हा आपला नेहमीचा सोंडा, शास्त्रीय नाव सिटोफिलस ओरायझी. तांदळातही हाच असतो. सोंड दिसली की ओळख पक्की. दिसली नाही, पण दाण्याला सुबक गोल भोक आहे, तरी हाच असण्याची शक्यता मोठी. भोकं वेडीवाकडी, दाणे पोखरलेले आणि तळाशी खूप पांढरी भुकटी, असं चित्र असेल तर तो दाणा पोखरणारा दुसरा लहान भुंगा. त्याचं अंग नळीसारखं गोल असतं आणि डोकं वरून दिसत नाही. दोघांचा निर्णय सारखाच, फक्त हा दुसरा नासाडी लवकर करतो.

सोंड्याची मादी दाण्याला बारीक खड्डा पाडते, त्यात अंडं घालते आणि वरून चिकट बुच बसवते. अळी दाण्यातच वाढते, तिथेच कोशात जाते आणि पूर्ण किडा होऊन भोक पाडून बाहेर येते. म्हणजे भोक दिसतंय तो दाणा रिकामा झालेला, किडा निघून गेलेला. ज्या दाण्यात अळी अजून बसलीय तो बाहेरून अगदी धड दिसतो. त्यामुळे चाळून, निवडून दिसणारे सगळे किडे काढले तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा किडे दिसतात. लोकांना वाटतं बाहेरून आले. ते आतच होते.

म्हणून मोजायचं. प्रत्येक ताटलीतले शंभर दाणे न निवडता, जसे हाताला येतील तसे वेगळे करायचे आणि भोकवाले किती ते बघायचं. तिच्या कोठीत वरच्या नमुन्यात 11 निघाले, मधल्यात 5 आणि तळाच्या नमुन्यात 4. झाकणापाशी ओल जास्त, त्यामुळे वरचा थर जास्त खराब होणं हे घरच्या कोठीत नेहमीचंच. मग मधल्या नमुन्यातले शंभर दाणे तिला पाण्यात टाकायला सांगितले. भोकवाले पाच तरंगलेच, पण न फुटलेले दिसणारे आणखी चार वर आले. तरंगणारा प्रत्येक दाणा किडलेला असतो असं नाही, सुरकुतलेला पोचट दाणाही तरंगतो. उलट अळी अगदी लहान असेल तर दाणा जड राहतो आणि बुडतो. तरी भोकांपेक्षा खरा आकडा मोठा आहे, एवढं या चाचणीतून समजतं.

माझी घरगुती मोजपट्टी अशी आहे. शंभरात चारपर्यंत भोकवाले असतील तर गहू साफ करून वापरायचा. पाच ते दहा असतील तर वाचवता येतो, पण मेहनत करायची तयारी हवी आणि तो लवकर संपवायचा. दहाच्या वर गेलं की खायला नको. त्या टप्प्यावर दाण्यात विष्ठा आणि कात इतकी साठलेली असते की पीठ कडसर लागतं, पोळी काळपट होते आणि चाळणीने त्यातलं काहीच जात नाही. किड्यांच्या विष्ठेतून येणारं युरिक ॲसिड अन्नधान्यात किलोमागे 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असा आपल्याकडे नियम आहे. ते प्रयोगशाळेतच मोजता येतं, फोटोत दिसत नाही. भोकं मोजणं हा त्याचा जवळचा अंदाज.

म्हणून तिला वरचा तीनेक किलो गहू काढून टाकायला सांगितला. उरलेला बारा किलो आधी चाळणीने चाळला, मग सुपात घेऊन पाखडला. पाखडणं इथे चाळण्यापेक्षा कामाचं, कारण पोकळ झालेला दाणा हलका होतो आणि सुपाच्या तोंडाशी येऊन बाहेर पडतो. गहू धुऊन घेऊ का, असं तिने विचारलं. मे महिन्यात हो म्हटलं असतं. ऑगस्टमध्ये फ्लॅटमध्ये बारा किलो ओला गहू वाळत नाही, त्याला बुरशी येते, आणि मग वाचलेलाही जातो.

आतल्या अळ्यांसाठी उपाय म्हणजे फ्रीजर. उणे अठरा अंशांवर चार दिवसांत अंड्यापासून किड्यापर्यंत सगळ्या अवस्था मरतात. घरच्या फ्रीजरचं दार सारखं उघडतं आणि थंडी पिशवीच्या मध्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून मी पूर्ण आठवडा सांगतो. दोन-दोन किलोच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, हवा काढून घट्ट बांधलेल्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतला गहू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे निदान रात्रभर तशीच ठेवायची, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतली वाफ जमते आणि गहू ओला होतो. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून किडे मरत नाहीत, फक्त थंडावतात.

अडचण जागेची होती. तिच्या फ्रीजरमध्ये एका वेळी दोनच पिशव्या बसत होत्या. सहा पिशव्यांना तीन आठवडे लागले असते आणि तोवर बाहेरच्या गव्हातले किडे पुन्हा अंडी घालत राहिले असते. शेजारच्या दोन घरांनी फ्रीजर दिले म्हणून एका आठवड्यात काम झालं. तशी सोय नसेल तर जेवढं बसेल तेवढं फ्रीजरमध्ये घाला, बाकीचा गहू दर आठवड्याला चाळून बाहेर आलेले किडे काढत राहा आणि आधी तोच दळा. हे सगळं करायला वेळच नसेल आणि गहू पाच-सहा किलोच असेल, तर टाकून द्या आणि नवा आणा. जिथे दिवस मोडतो आणि वाचतो मूठभर गहू, ती काटकसर मला पटत नाही.

तांदळात सोंडे असतील तर काम याहून सोपं, कारण तांदूळ शिजवण्याआधी धुतलाच जातो. पोकळ दाणे आणि किडे पाण्यावर येतात, ते पहिल्या दोन पाण्यांत ओतून जातात. मोजपट्टी मात्र तीच.

पीठ: सोंड नसलेला भुंगा

पिठाच्या फोटोत तांबूस तपकिरी, चपटे, लांबट भुंगे होते, तीन-चार मिलिमीटरचे, सोंड नाही. तांबडा भुंगेरा, म्हणजे ट्रायबोलियम कॅस्टेनियम. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सोंड्याची अळी सुट्या पिठात वाढू शकत नाही, तिला अख्खा दाणा लागतो. उलट तांबड्या भुंगेऱ्याला धड, न फुटलेला गहू फोडता येत नाही, तो पिठावर, रव्यावर, तुकड्यांवर जगतो. पिठात सोंडेच दिसले, तर ते शेजारच्या कोठीतून चालत आलेत किंवा दळताना आलेत, तिथे जन्मलेले नाहीत. असे दोन-चार सोंडे काढून पीठ वापरायला हरकत नाही, शोध गव्हाच्या कोठीत घ्यायचा. तांबडा भुंगेरा दिसला, तर मात्र त्याची अंडी आणि अळ्या त्याच पिठात आहेत असं धरून चालायचं.

"काका, चाळून घेतलं तर चालेल ना?" हा प्रश्न मला अपेक्षित होताच. चाळणीत मोठे किडे आणि मोठ्या अळ्या अडकतात. अंडी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची आणि चिकट असतात, त्यांना पीठ चिकटतं आणि ती पिठासोबत खाली जातात. कोवळ्या अळ्याही बारीक असल्यामुळे निसटतात. त्याहून मोठी अडचण वासाची. हे भुंगे अंगातून क्विनोन नावाची तिखट वासाची रसायनं सोडतात. कीड जास्त झाली की पीठ गुलाबीसर करडं दिसतं आणि त्याला औषधासारखा उग्र वास येतो. तो चाळून जात नाही आणि पोळी भाजल्यावरही जात नाही.

फोटोवरून वास कळत नाही, म्हणून दोन गोष्टी करायला सांगतो. नव्या पिठाची चिमूट शेजारी ठेवून एकाच उजेडात फोटो काढा, रंगातला फरक लगेच दिसतो. आणि संध्याकाळी डब्यातलं पीठ वाटीच्या बुडाने दाबून अगदी सपाट करा, फोटो काढा, झाकण लावा, सकाळी पुन्हा फोटो काढा. भुंगे आणि अळ्या असतील तर सपाट पिठावर वळणावळणाच्या रेघा आणि बारीक उंचवटे उठलेले दिसतात. तिच्या डब्यात सकाळी सगळा पृष्ठभाग रेघांनी भरलेला होता आणि पीठ नव्या चिमटीशेजारी स्पष्ट करडं दिसत होतं. तीनही किलो पीठ टाकलं.

पीठ ताजं असेल, एखाद-दुसराच भुंगा असेल, रेघा नसतील, रंग आणि वास ठीक असेल, तर मी स्वतः चाळून, फ्रीजमध्ये ठेवून त्याच आठवड्यात संपवतो. हे किडे चुकून पोटात गेले म्हणून माणूस आजारी पडतो असं सहसा होत नाही. पण ज्यांना दमा आहे, धुळीची ॲलर्जी आहे, किंवा घरात तान्हं मूल आहे, त्यांनी एवढीही जोखीम घेऊ नये, कारण किड्यांची कात आणि विष्ठा ॲलर्जी वाढवू शकते.

रवा: धागा आहे की ओलीची गुठळी

रव्याच्या पाकिटाचा फोटो सगळ्यांत अस्पष्ट होता, पण निर्णय सगळ्यांत सोपा निघाला. रव्याचे गोळे झालेले दिसत होते. गोळे दोन कारणांनी होतात. ओलीने झालेली गुठळी बोटाने दाबली की कोरडी फुटते. जाळीची गुठळी फुटत नाही, ताणते. टूथपिक घालून हळूच वर उचला आणि त्या क्षणी फोटो काढा: रव्याचे कण धाग्याला लटकलेले दिसले तर ती पतंगाच्या अळीची जाळी. बुरशीशीही लोक गल्लत करतात. बुरशी कापसासारखी मऊ किंवा भुकटीसारखी असते, हिरवट, काळी किंवा गुलाबी छटा असते आणि वास कुबट असतो. जाळीचे धागे चमकतात आणि त्यांना रंग नसतो.

जाळीत मळकट पांढऱ्या अळ्या होत्या, डोकं तपकिरी. नंतर तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पाकोळीचा फोटो पाठवला, राखाडी-तपकिरी, पंख अंगाशी मिटलेले. आपल्याकडे हा बहुधा तांदळावरचा पतंग असतो, कॉर्सायरा सेफालोनिका. पंखांचा पुढचा भाग फिकट आणि मागचा तांब्यासारखा असेल तर तो दुसरा, सुक्या मेव्यात जास्त आढळणारा पतंग. इथे नाव चुकलं तरी काही बिघडत नाही. दोघांच्याही अळ्या जाळी करतात आणि विष्ठा त्याच जाळीत गुंतून राहते. जाळी धरलेला रवा, शेवया, पोहे, बेसन, शेंगदाणे, बदाम हे चाळून, भाजून किंवा ऊन दाखवून ठेवायचं नाही. पूर्ण पाकीट टाकायचं. "वरच्याच भागात जाळी आहे, खालचा रवा चांगला आहे" हे मी मान्य करत नाही, कारण अळी खाल्लेल्या वाटेवर धागा सोडत जाते आणि सुटे धागे डोळ्याला दिसत नाहीत.

जाळीच्या बाबतीत खरं काम पाकीट टाकल्यावर सुरू होतं. पतंग स्वतः काही खात नाही. अळी पूर्ण वाढली की खाणं सोडून कोशात जायला जागा शोधत निघते, आणि ती बरीच लांब जाते: बरणीच्या झाकणाचे आटे, डब्याच्या रबराखालची खाच, कपाटाच्या बिजागऱ्या, भिंत आणि छताचा कोपरा. या प्रत्येक जागेचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा. तिच्या घरी रव्याचं पाकीट टाकून झाल्यावरही महिनाभर पाकोळ्या आल्या असत्या, कारण शेवयांच्या बरणीच्या झाकणात आतून चार कोश चिकटलेले निघाले. बरणीतल्या शेवया चांगल्या होत्या. त्या आठवडाभर फ्रीजरमध्ये गेल्या, झाकण गरम पाण्याने आणि ब्रशने धुतलं. क्लिप लावलेलं प्लॅस्टिक पाकीट म्हणजे बंद डबा नव्हे, हे इथे लक्षात ठेवायचं. रव्याचं पाकीट ज्या कप्प्यात होतं, तिथल्या प्रत्येक उघड्या पाकिटाला टूथपिकची परीक्षा द्यावी लागली.

मूग: पांढरे ठिपके

मुगाच्या फोटोत किडा एकही नव्हता, म्हणून तिने तो सर्वांत शेवटी पाठवला. दाण्यांवर मात्र टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके चिकटलेले होते, धुतले तरी न निघणारे. ही कडधान्यावरच्या भुंगेऱ्याची अंडी. मूग, चवळी, हरभरा, मटकी यांच्या सालीवर मादी ती बाहेरून चिकटवते. ठिपका पारदर्शक असेल तर अंडं अजून फुटलेलं नाही किंवा पोकळ आहे. दुधी पांढरा दिसला तर अळी आत शिरलीय आणि कवचात मागे भुसा भरलाय. तिच्या मुगावर बहुतेक ठिपके दुधी होते आणि शंभरात बारा दाण्यांना गोल भोकं, म्हणजे मूग टाकायचाच. ठिपके मोजकेच आणि भोकं नगण्य असती तर आठवडाभर फ्रीजर, मग पाण्यात घालून तरंगणारे काढून टाकायचे आणि उसळ करून संपवायची, असं सांगितलं असतं. फोडलेल्या डाळीला हा भुंगेरा फारसा लागत नाही, म्हणून पावसाळ्यासाठी अख्ख्या मुगापेक्षा डाळ भरणं सोयीचं.

फोटोत दिसलं की थांबायचं

बुरशी दिसली, मग किडा असो वा नसो, पुढे काही तपासायचं नाही. हिरवट-काळे डाग असलेले शेंगदाणे, मका, ज्वारी, कुबट वासाचा तांदूळ हे सगळं जातं. काही बुरशींचं विष धुऊन किंवा भाजून जात नाही. उंदराच्या लेंड्या दिसल्या तरी हाच नियम. त्या तांदळाएवढ्या लांब, टोकांना निमुळत्या असतात आणि किड्यांच्या भुकटीपेक्षा कितीतरी मोठ्या.

काळ्या कागदावर पिठाचे कण स्वतःहून हलताना दिसले, व्हिडिओत तर स्पष्टच, तर ते बहुधा मिलिमीटरभराचे फिकट, जुन्या पुस्तकांतही सापडणारे किडे किंवा कोळीवर्गातले सूक्ष्म जीव असतात. हे ओलीमुळे आणि सूक्ष्म बुरशीवर वाढतात. पीठ-रवा असेल तर टाका. तांदळात थोडे असतील तर तांदूळ पसरून पंख्याखाली वाळवला, पाखडला की जातात, पण डबा ओला आहे किंवा भिंतीला चिकटून ठेवलाय, हे आधी सुधारा.

टाकायचं कसं, आणि कोठीत काय घालायचं नाही

टाकायचं धान्य उघडं कचऱ्याच्या डब्यात ओतू नका, किडे जिन्यातून परत येतात. दोन पिशव्यांत घट्ट बांधून, शक्य असेल तर दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून, ज्या सकाळी ओला कचरा नेतात त्याच सकाळी बाहेर काढा. पीठ बेसिनमध्ये किंवा संडासात ओतलं तर लगदा होऊन पाइप तुंबतो. गॅलरीत कबुतरांना टाकणं हा उपाय नाही, आणि बुरशीचं धान्य तर गाईलाही घालू नये.

धान्यात ठेवायच्या "गोळ्या" अजून कुणी कुणी सुचवतं. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना ओल लागली की फॉस्फीन वायू निघतो. बंद फ्लॅटमध्ये त्याने माणसं दगावतात. गोदामात आम्ही तो वापरायचो तो ताडपत्री लावून, आतल्या वायूचं प्रमाण मोजून, माणसं बाहेर काढून. घरात तो कुठल्याही प्रमाणात नको. पाऱ्याच्या गोळ्या आणि तांदळाला चोळायची बोरिक पावडर हेही मी खाण्याच्या धान्यात घालू देत नाही. कडधान्याला एरंडेल चोळण्याचा जुना रिवाज मात्र खरोखर उपयोगी आहे, तेलाच्या थरामुळे अंडी जगत नाहीत. किलोला चमचाभर पुरतं. कडुनिंबाचा पाला आणि लवंगा ठेवायच्या तर ठेवा, पण आधीच लागलेली कीड त्यांनी जात नाही.

रिकामी कोठी पाण्याने धुण्याआधी कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने झाडा. तळाच्या सांध्यात अडकलेली मूठभर भुकटी तांबड्या भुंगेऱ्याला पुरेशी असते. मग धुऊन, पुसून, पूर्ण वाळल्यावरच नवं धान्य भरा. जुन्या पिठावर नवं पीठ कधीही ओतू नका. गिरणीत किडका गहू द्यायचा असेल तर गिरणीवाल्याला आधी सांगा, कारण तुमच्या पिठाचा थोडा भाग जात्यात राहतो आणि पुढच्या माणसाच्या डब्यात जातो.

तिच्या कोठीतला बारा किलो गहू फ्रीजरमधून परत आल्यावर मी आणखी फोटो मागवले: पाच आठवड्यांनी, पुन्हा वर, मध्ये आणि तळाशी, शंभर-शंभर दाणे. सोंड्याची पिढी महिन्याभराची, त्यामुळे एखादी अळी वाचली असती तर तोवर भोक पाडून बाहेर आली असती. जिवंत किडा एकही नव्हता, भोकवाले दाणे तीनही नमुन्यांत दोन-तीन, पाखडताना सुपात राहून गेलेले.

"म्हणजे आता बिनधास्त ना, काका?"

"दिवाळीपर्यंत संपवा, आणि पुढच्या मे महिन्यात वर्षाचा भरू नका. तीन-तीन महिन्यांचा भरा."

"आईला कोण सांगणार?"

त्याला माझ्याकडे उपाय नव्हता.